एरेटरसाठी एक नाही, दोन आकडे द्या

तळ्यातला विरघळलेला ऑक्सिजन सर्वांत कमी होतो तो पहाटे, सूर्य उगवण्याच्या जरा आधी. म्हणजे सौर पॅनेल झोपलेलं असतं तेव्हाच पाण्यात हवा मिसळणारा एरेटर लागतो. म्हणून खरा हिशोब बॅटरीचा. ३७० वॅटचा एरेटर चार तास चालला, तर साधारण दीड युनिट वीज जाते.

सेन्सरचा आकडा बघून एरेटर चालवणाऱ्या कंट्रोलरला ऑक्सिजनची एकच मर्यादा दिली, तर त्याचा रिले सारखा चालू-बंद होत राहतो. ४ मिलिग्रॅम प्रति लिटरला चालू, ५.५ ला बंद, असं अंतर ठेवा. सेन्सर एरेटरच्या फेसाजवळ नको, तिथे आकडा उगाच चढतो. तापमानही मोजा: गोडं पाणी २० अंशाला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, ३० अंशाला जेमतेम साडेसात. त्यामुळे उकाड्याच्या दिवसांत राखीव साठा मुळातच कमी असतो.

सेन्सरवर शेवाळ चढलं की आकडा बहुधा खाली घसरतो, एरेटर रात्रभर चालतो आणि नेमकी पहाटे बॅटरी संपते. भर दुपारी हिरव्यागार पाण्यातही आकडा कमीच दिसला, तर शंका घ्या. सेन्सर पुसून, ओलसर ठेवून हवेत धरा; संपृक्तता १०० टक्क्यांच्या आसपास दिसली पाहिजे.