जिनिंग कुठे टाकायची? जागा-निवडीच्या प्रश्नाची तयारी

ऑपरेशन्सच्या पेपरात जागा निवडायचा प्रश्न आला की आधी त्यात वर्षाचं उत्पादन दिलंय का ते शोधा. खर्चाची अर्धी गोष्ट त्या एका आकड्यावर फिरते. सरावाला आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. एका कास्तकार गटाला जिनिंग टाकायची आहे. हिंगणघाट की पांढरकवडा? आकडे सरावापुरते धरलेले आहेत.

हिंगणघाटला वर्षाचा स्थिर खर्च २४ लाख आणि क्विंटलमागे १२० रुपये. पांढरकवड्याला १५ लाख आणि १५० रुपये. स्थिर खर्चातला फरक ९ लाख, क्विंटलमागचा ३०. भागाकार केला की ३०,००० क्विंटल येतात. त्याखाली पांढरकवडा स्वस्त, त्यावर हिंगणघाट. ४०,००० क्विंटलला हिंगणघाट ७२ लाख, पांढरकवडा ७५ लाख. पण पाऊस दगा देऊन २५,००० च आले, तर हिंगणघाट ५४ आणि पांढरकवडा साडेबावन्न. कोरडवाहू कपाशीच्या मुलखात हा दुसरा हिशेबही मांडाच.

मग फॅक्टर रेटिंग. भारांची बेरीज १ येते का, हे गुण देण्याआधी तपासा. कापसाची आवक ०.४०, विजेचा भरवसा ०.२५, मजूर ०.२०, वाढीला जागा ०.१५. याच क्रमाने हिंगणघाटला ६५, ८५, ७०, ८० गुण, म्हणजे एकूण ७३.२५. पांढरकवड्याला ८५, ६५, ८०, ६०, म्हणजे ७५.२५. खर्च एकीकडे, गुण दुसरीकडे!

इथे बहुतेक जण मोठा आकडा पाहून पांढरकवडा लिहून मोकळे होतात. थांबा, आवकेचा भार ०.०५ ने कमी करून विजेला द्या. दोन्ही जागा ७४.२५ वर येतात. म्हणजे ही दोन गुणांची आघाडी भार ठरवणाऱ्याच्या अंदाजावर उभी आहे, आणि उत्तरात हे लिहिलंच पाहिजे. मी असते तर असं लिहिलं असतं : आवक ३०,००० च्या वर राहण्याची खात्री असेल तर हिंगणघाट, नाहीतर पांढरकवडा.

दोन चुका मात्र मुलं दरवर्षी करतात. कापूस आणायचं भाडं क्विंटलमागच्या खर्चात धरलेलं असतं, आणि तेच ‘वाहतूक खर्च’ म्हणून घटकांतही घेतात. एकच पैसा दोनदा मोजला जातो. म्हणूनच वर पैशाचा एकही घटक घेतला नाही. दुसरी चूक गुणांच्या दिशेची. ‘आगीचा धोका’ असा घटक दिला, तर जिथे धोका जास्त तिथे गुण कमी. जिनिंगमध्ये कापूस क्षणात पेट घेतो. त्या घटकाला ‘अग्निशमन बंब किती लवकर पोचतो’ असं नाव दिलं की दिशा चुकत नाही.