छोट्या दुकानात कूलर लावावा की छोटा एसी? या चुका टाळा

दुकानात कूलर लावूनही दुपारी घामाने चिकचिक होते, अशी तक्रार ऐकली की बहुतेक जण कूलर लहान पडला असे समजतात आणि मोठा आणतात. बऱ्याच वेळा दोष कूलरच्या आकारात नसतो. पाण्याची वाफ करून हवा थंड करणारे हे यंत्र खोलीतली उष्णता बाहेर नेत नाही, ती फक्त वाफेच्या रूपात हवेतच साठवते. त्यामुळे ती दमट हवा दुकानातून बाहेर गेली नाही, तर थंडावाही टिकत नाही. एसीचे नेमके उलट आहे. तो उष्णता आणि बाष्प दोन्ही बाहेर टाकतो, पण त्यासाठी त्याला बंद खोली लागते. निवडीतल्या आणि वापरातल्या बहुतेक चुका हा फरक लक्षात न घेतल्यामुळे होतात.

सकाळची आर्द्रता पाहून निर्णय घेणे

हवामानाच्या अंदाजात सकाळी आर्द्रता 50 टक्के दिसते आणि दुकानदार ठरवून टाकतो की आपल्याकडे कूलर चालणार नाही. टक्क्यांतली ही आर्द्रता तापमानासोबत बदलते. सकाळी 27 अंशांना 50 टक्के आर्द्रता असलेली हवा तितक्याच बाष्पासह दुपारी 40 अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता 25 टक्क्यांच्या आत येते, आणि अशा हवेत कूलर उत्तम काम करतो. उलट केवळ पारा 34 अंशांवर आहे म्हणून कूलर घेतला आणि त्या वेळी आर्द्रता 70 टक्के असली, तर पश्चात्ताप ठरलेला.

पाहायचे असते ते ओल्या बल्बचे तापमान, आणि ते दुकानातच मोजता येते. सारखे आकडे दाखवणारे दोन साधे थर्मामीटर घ्यावेत. एकाच्या टोकाला सुती कापडाची पट्टी गुंडाळून ती साध्या पाण्यात भिजवावी, आणि दोन्ही थर्मामीटर सावलीत, बाहेरच्या हवेत, टेबल फॅनच्या झोतासमोर पाच मिनिटे ठेवावेत. ओल्या कापडातला पारा हळूहळू उतरतो आणि एका आकड्यावर स्थिरावतो. कूलर कितीही चांगला असला तरी हवा त्या आकड्याखाली नेऊ शकत नाही. चांगल्या अवस्थेतले जाड हनीकॉम्ब पॅड असतील, तर दोन थर्मामीटरमधल्या फरकाच्या साधारण तीन चतुर्थांशाइतके तापमान कमी होते.

कोरडा पारा 40 आणि ओला 22.5 असेल तर फरक 17.5 अंशांचा असतो, म्हणजे कूलरमधून सुमारे 27 अंशांची हवा मिळेल. कोरडा 33 आणि ओला 28 असेल तर फरक पाचच अंशांचा, त्यामुळे कूलरमधून निघणारी हवा 29 अंशांच्या वर राहील आणि शिवाय जवळजवळ बाष्पाने भरलेली असेल, ज्यात अंगावरचा घाम वाळत नाही. माझा ठोकताळा असा आहे की दुपारचा फरक 12 अंशांहून अधिक असेल तर कूलरचा विचार निःशंकपणे करावा, आणि आठ अंशांच्या आत असेल तर कूलरवर पैसा घालवू नये. मधल्या पट्ट्यात दुकानाची रचना आणि माल पाहून ठरवावे लागते.

कूलर बंद दुकानात चालवणे

ही चूक सर्वांत जास्त आढळते, म्हणून एक उदाहरण सविस्तर सांगतो. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच असे झेरॉक्सचे दुकान होते. समोर काचेचा दरवाजा होता, मागच्या भिंतीत एक खिडकी आणि वर झरोका. कूलर आत कोपऱ्यात ठेवलेला होता, धूळ येऊ नये म्हणून झरोक्याला पुठ्ठा ठोकला होता आणि थंडावा जाऊ नये म्हणून दरवाजा ओढून घेतलेला असे. दुकानदाराची तक्रार अशी होती की पहिला अर्धा तास बरे वाटते, मग जीव गुदमरतो आणि दुपारनंतर मशीनमध्ये कागद अडकू लागतो. रिमच्या वरच्या कागदांच्या कडा वळलेल्या स्पष्ट दिसत होत्या, आणि कागद हाताला मऊ, किंचित ओलसर लागत होता. मशीनचा रोलर बदलूनही कागद अडकणे थांबले नव्हते.

बाहेर कोरडा पारा 40 आणि ओला 22.5 होता, म्हणजे हवामान कूलरला अगदी अनुकूल होते. आत मात्र कोरडा 31 आणि ओला 28 भरला. कूलर तीच हवा पुन्हा पुन्हा ओढून तिच्यात पाणी मिसळत होता. आतल्या हवेचा फरकच तीन अंशांवर आल्यामुळे पॅडला थंड करायला काही उरलेच नव्हते.

उपाय म्हणून नवे यंत्र आणावे लागले नाही. कूलर मागच्या खिडकीत असा बसवला की त्याची पॅडची बाजू बाहेर राहील आणि ताजी कोरडी हवाच आत ओढली जाईल. खिडकीभोवतीच्या फटी पत्र्याने आणि फोमने बुजवल्या. झरोका उघडला आणि दरवाजा वीतभर उघडा ठेवला. इथे किती उघडे ठेवायचे याचा हिशोब करता येतो. दुकानाचे आकारमान 36 घनमीटर आहे आणि कूलरसाठी हवा तासाला 40 वेळा तरी बदलावी असे धरले, तर ताशी सुमारे 1,500 घनमीटर हवा लागते. तेवढी हवा सहज बाहेर पडायला एकूण साधारण 45 सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनाइतकी मोकळी जागा हवी, आणि ती कूलरच्या समोरच्या टोकाला असावी, म्हणजे थंड हवा संपूर्ण दुकानातून फिरून मगच बाहेर जाते. जागा पुरेशी आहे की नाही हे पाहण्यासाठी दरवाज्याच्या फटीत पातळ कागदाची पट्टी धरावी. ती बाहेरच्या बाजूला ठळकपणे फडफडली पाहिजे. हवा शिट्टीसारखा आवाज करत निघत असेल, तर फट लहान आहे.

या बदलानंतर कूलरची हवा 27 अंशांवर आली. मशीन, दिवे आणि माणसे यांची उष्णता मिळून दुकान 29 ते 30 अंशांवर राहू लागले आणि आर्द्रता 60 टक्क्यांच्या आत आली. कागद अडकणे जवळपास थांबले. हे एसीच्या 25 अंशांसारखे नव्हते, हे मान्य करायला हवे. पण वाऱ्याच्या झोतात बसणाऱ्याला 29 अंशही सुसह्य वाटतात.

कूलर आणि एसी एकाच वेळी चालवणे

दोन्ही लावले तर दुप्पट गारवा, हा समज महागात पडतो. वरच्या दुकानातला कूलर कोरड्या दुपारी तासाला सुमारे नऊ लिटर पाण्याची वाफ करत होता. ती वाफ बंद दुकानात सोडली, तर ती पुन्हा पाणी करून बाहेर काढण्यासाठी एसीला दर लिटरमागे 0.67 युनिट एवढी उष्णता खेचावी लागते, म्हणजे नऊ लिटरला सहा युनिट. एक टनाचा एसी तासाला जेमतेम साडेतीन युनिट उष्णता खेचतो. हे युनिट खेचलेल्या उष्णतेचे आहेत, एसी घेत असलेल्या विजेचे नव्हेत. त्यामुळे तो सतत पूर्ण ताकदीने चालतो, नळीतून पाणी धो धो वाहते आणि दुकान मात्र थंड होत नाही. ज्या दिवशी एसी लावायचा, त्या दिवशी कूलर कोरडा करून त्याची खिडकी घट्ट झाकावी.

पाण्याच्या टाकीत बर्फ टाकणे हाही असाच भ्रम आहे. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तिच्या सातपट उष्णता एक लिटर पाण्याची वाफ होताना शोषली जाते. पाच किलो बर्फाने कूलरच्या पाचेक मिनिटांच्या कामाएवढाही थंडावा मिळत नाही.

उघड्या शटरच्या दुकानात एसी बसवणे

खर्चाची तुलना करताना यंत्राची वीज पाहिली जाते, दरवाजा पाहिला जात नाही. मध्यम कूलर पंपासह 200 वॉटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे दहा तासांत दोन युनिट. त्यासोबत आपल्या उदाहरणातल्यासारखे 90 लिटर पाणी आणि टाकी स्वच्छ ठेवण्यासाठी लागणारे थोडे अधिक पाणी धरावे. जिथे पाणी विकत घ्यावे लागते, तिथे हा खर्च विजेहून जड होऊ शकतो. एक टनाचा एसी पूर्ण ताकदीने सुमारे एक किलोवॉट घेतो. दरवाजा बंद राहिला तर मधूनमधून विश्रांती मिळून दिवसाचे सात-आठ युनिट होतात, पण काउंटर थेट रस्त्यावर उघडणारा असेल तर विश्रांती कधीच मिळत नाही, दहा युनिट जळतात आणि ग्राहकाला गारवा मात्र जाणवतही नाही. अशा दुकानात हवा कोरडी असेल तर कूलर, आणि दमट असेल तर चांगला पंखा, हीच प्रामाणिक निवड होय.

चाकांवरच्या, एका नळीच्या पोर्टेबल एसीबाबत विशेष सावध राहावे. तो दुकानातलीच थंड केलेली हवा वापरून गरम नळीतून बाहेर फेकतो. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी गरम हवा दाराच्या फटीतून आत येते. नळी उघडी तापत असेल किंवा खिडकीत सैल अडकवली असेल, तर नुकसान आणखी वाढते. भिंतीत किंवा खिडकीत नीट बसवलेला छोटा एसी या कामासाठी नेहमीच बरा.

मालाचाही विचार करावा लागतो. 25 अंशांखाली ठेवा असे वेष्टनावर लिहिलेली औषधे, उघडी मिठाई किंवा दमटपणाने सादळणारा माल असेल, तर कूलर त्या मर्यादा पाळण्याची हमी देऊ शकत नाही, मग हवामान कितीही कोरडे असो.

थंडावा अचानक कमी झाला तर

कूलर बदलण्यापूर्वी पुन्हा तेच दोन थर्मामीटर काढावेत. बाहेरचा कोरडा आणि ओला पारा मोजावा आणि मग कूलरच्या तोंडाशी हवा मोजावी. मिळालेली घट त्या फरकाच्या निम्म्याहून कमी असेल, तर पॅडचे झाकण काढून पाहावे. पॅडवर उभे कोरडे पट्टे दिसले तर वरच्या पाइपची भोके क्षारांनी बुजलेली असतात, ती बारीक तारेने मोकळी होतात. संपूर्ण पॅडवर पांढरा कडक थर असेल, तर टाकीतले पाणी बरेच दिवस बदललेले नाही. वाफ शुद्ध पाण्याची होते आणि क्षार मागे राहून घट्ट होत जातात. म्हणून पाणी जड असेल तर टाकी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण रिकामी करावी. कुबट वास येत असेल, तर दुकान बंद करण्यापूर्वी वीस मिनिटे पंप थांबवून नुसता पंखा चालवावा, म्हणजे पॅड रात्रभर ओले राहत नाहीत.

घट तीन चतुर्थांशाच्या जवळ येत असूनही दुकानात उकडत असेल, तर कूलर निर्दोष आहे. मग हवा बाहेर जाण्याची वाट तपासावी, आणि तीही मोकळी असेल, तर बाहेरचा ओला पारा 25 च्या वर गेला आहे का ते पाहावे. तसे असेल तर कूलरचा मोसम संपला असे समजून दरवाजा लावावा आणि एसी सुरू करावा.