अपडेटनंतर बोट चालेना आणि ॲप पुन्हा नोंदणी मागते, तेव्हा काय करावे

फोनचे अपडेट झाले की दुसऱ्या दिवशी घरातील कोणीतरी म्हणते, "बोट लागत नाही." म्हणजे बोटाच्या ठशाने फोन किंवा बँकेचे ॲप उघडत नाही. या एका वाक्यात निदान तीन वेगवेगळ्या अडचणी दडलेल्या असतात आणि त्यांतील प्रत्येकीचा उपाय निराळा आहे. बडोद्यात नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे बरेच फोन मी अशा अवस्थेत हाताळले आहेत. अपडेटने जेवढे नुकसान केले होते, त्याहून अधिक नुकसान त्यानंतर मिळालेल्या सल्ल्यांनी केलेले मला दिसले. म्हणून पहिली विनंती अशी की, काहीही पुसण्याआधी अडचण कोणती आहे ते ओळखावे.

अपडेटनंतर फोन बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि पहिल्या वेळी तो पिनच मागतो. हा बिघाड नाही. फोनमधील माहिती कुलूपबंद असते आणि ती पहिल्यांदा उघडण्याचे काम फक्त पिन करू शकतो. त्यानंतरही अँड्रॉइड फोन साधारण 72 तासांतून एकदा पिन मागतोच. तेव्हा पिन टाकावा, फोन बंद करून पुन्हा उघडावा आणि मगच पारख करावी.

पारख सोपी आहे. स्क्रीन बोटाने उघडत नसेल आणि ॲपही उघडत नसेल, तर फोनमधील बोटाची नोंद किंवा सेन्सर यांत अडचण आहे. स्क्रीन बोटाने व्यवस्थित उघडते, पण बँकेचे ॲप मात्र नव्याने नोंदणी करायला सांगते, तर बोट निर्दोष आहे आणि अडचण ॲपने फोनमध्ये ठेवलेल्या किल्लीत आहे, तिच्याविषयी पुढे सांगतो. सेटिंग्जमध्ये फिंगरप्रिंटचा पर्यायच दिसत नसेल किंवा सेन्सर उपलब्ध नाही असा संदेश येत असेल, तर फोन दोनदा बंद-चालू करून पाहावा आणि तरीही फरक पडला नाही तर अधिकृत सेवा केंद्रात जावे. चेहऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केवळ पुढच्या कॅमेऱ्यावर चेहरा ओळखणाऱ्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ही ओळख कच्च्या वर्गात मोडते, त्यामुळे स्क्रीन उघडण्यापुरती ती चालते आणि बँकेची ॲप ती स्वीकारत नाहीत. तिथे चेहरा पुन्हा पुन्हा नोंदवण्यात वेळ घालवू नये.

आता ज्या ठिकाणी मी स्वतः अडकलो होतो, त्या टप्प्याकडे येतो. फोन बोट ओळखतो, तरीही ॲप ते का मानत नाही, हे मला कित्येक महिने समजले नव्हते. ॲपला आपल्या बोटाचा ठसा कधीच मिळत नाही. तो फोनमधील एका सुरक्षित कप्प्यात राहतो. बोटाने लॉगिन सुरू करताना ॲप त्या कप्प्यात स्वतःची एक किल्ली ठेवते आणि सांगते की, या फोनवर आज जी बोटे नोंदलेली आहेत त्यांनीच ही किल्ली फिरावी. पुढे फोनमध्ये एखादे नवे बोट नोंदवले, किंवा असलेली सगळी बोटे पुसली गेली, की अँड्रॉइड ती किल्ली कायमची मोडून टाकते. ती दुरुस्त होत नाही, नवीनच करावी लागते. ॲप नव्याने नोंदणी मागते याचा अर्थ एवढाच आहे.

ही व्यवस्था योग्यच आहे. आपला पिन ज्याला ठाऊक आहे, त्याने गुपचूप स्वतःचे बोट फोनमध्ये नोंदवले तरी त्याला आपले बँक खाते उघडता येऊ नये, यासाठी ती केलेली आहे. सर्वच ॲप इतकी काटेकोर नसतात, म्हणून टिपणवहीचे ॲप पूर्वीसारखेच उघडते आणि बँकेचे ॲप अडते. अपडेटमध्ये कधीकधी सेन्सरची स्वतःची प्रणालीही बदलते, जुने ठसे नीट जुळेनासे होतात, मग माणूस बोट पुसून पुन्हा नोंदवतो आणि त्या क्षणी ॲपची किल्ली मोडते. अपडेटने ॲप बिघडवले असे आपण समजतो, प्रत्यक्षात ती किल्ली आपल्याच हाताने मोडलेली असते.

यावरून क्रमाचा नियम निघतो आणि तो मी आग्रहाने सांगतो: आधी फोनमधील सगळी बोटे एकाच बैठकीत पक्की करावीत, आणि त्यानंतरच ॲपला हात लावावा. उलट केले तर श्रम वाया जातात. मी स्वतः एकदा आधी ॲपमध्ये नोंदणी पूर्ण केली, संध्याकाळी सोयीसाठी डाव्या अंगठ्याची भर घातली आणि दुसऱ्या सकाळी ॲपने पुन्हा तीच मागणी केली. एखादे बोट नीट लागत नसेल, तर ते पुसण्याआधी दुसरे चांगले बोट नोंदवावे, म्हणजे फोन एकाही बोटाविना राहत नाही. दुसरे एखादे बोट शिल्लक असताना एक पुसल्याने अँड्रॉइडवर किल्ली मोडत नाही, नवे घातल्याने मोडते. आयफोनवर नियम अधिक कडक असू शकतो: ॲपने तसे ठरवलेले असेल, तर बोट घालणे, काढणे किंवा चेहरा नव्याने नोंदवणे यांपैकी काहीही पुरेसे होते.

दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या मामांचे उदाहरण घेऊन हे दाखवतो. उत्तरायणाच्या आदल्या रात्री त्यांच्या फोनचे अपडेट झाले. सकाळी फोनने पिन मागितला तेव्हाच त्यांच्या मनात अपडेटविषयी शंका बसली. दोन दिवस गच्चीवर पतंग उडवल्यावर उजव्या हाताच्या तर्जनीला मांजाचे तीन-चार चरे पडले, आणि फोनमध्ये नोंदलेले ते एकच बोट होते. ते लागेना. अपडेटचाच दोष आहे असे समजून त्यांनी बोट पुसले आणि चिरलेलेच बोट पुन्हा नोंदवले. बोट लागू लागले, पण बँकेच्या ॲपने नोंदणी मागितली, तीही त्यांनी केली. आठवड्याभरात खपली पडली, कातडी बदलली आणि बोट पुन्हा लागेनासे झाले. पुन्हा पुसणे, पुन्हा नोंदवणे, पुन्हा ॲपची मागणी. तिसऱ्या वेळी ते न्यायमंदिराजवळच्या एका दुकानात गेले, तिथल्या मुलाने स्क्रीन लॉक पूर्ण काढून नव्याने लावले आणि फोनमधील सर्व नोंदी एकदम गेल्या.

ते माझ्याकडे आले तेव्हा मी म्हटले, "मामा, हे बोट आता राहू द्या, दोन्ही अंगठे घेऊ." अंगठ्यांना जखम नव्हती. स्क्रीनची काच आणि हात कोरड्या फडक्याने पुसले. रोज फोन जसा धरतात तसाच तो त्यांच्या हातात दिला, टेबलावर ठेवला नाही, कारण टेबलावर बोट सरळ टेकते आणि रोजच्या वापरात ते तिरपे पडते. नोंदवताना फोन सांगतो त्याप्रमाणे बोट दर वेळी थोडे सरकवायचे आणि कडा व टोकही द्यायचे, यात बहुतेक लोक घाई करतात आणि मधल्या भागाचाच ठसा दहा वेळा देतात. दोन्ही अंगठे झाल्यावर स्क्रीन प्रत्येकाने दहा वेळा उघडून पाहिली. उजवा नऊदा लागला आणि डावा सहादा, म्हणून डावा लगेच पुसून पुन्हा नोंदवला. एवढे झाल्यावरच आम्ही ॲप उघडले. स्क्रीनच्या आत सेन्सर असलेल्या फोनवर नवी जाड काच लावायची असेल, तर तीही नोंदणीच्या आधीच लावावी.

ॲपमधील भाग छोटा आहे. एमपिन किंवा पासवर्डने लॉगिन करावे, सुरक्षा सेटिंगमध्ये बोटाचे लॉगिन बंद करावे, ॲप पूर्ण बंद करून उघडावे आणि तेच पुन्हा चालू करावे. एमपिन आठवत नसेल तर तो आधी बदलून घ्यावा, आणि त्या वेळी बँकेत नोंदलेले सिम याच फोनमध्ये असावे. यूपीआय पिन ही वेगळी गोष्ट आहे. ॲपचे कुलूप बदलल्याने तो बदलत नाही, आणि या कामासाठी तो नव्याने करण्याची गरज नसते.

आता तीन सल्ले, जे कृपया ऐकू नयेत. पहिला, स्क्रीन लॉक काढून पुन्हा लावणे. त्याने सर्व बोटे पुसली जातात आणि सर्व ॲपच्या किल्ल्या एकदम मोडतात. केवळ जुन्या पिनऐवजी नवा पिन ठेवल्याने तसे होत नाही. दुसरा, ॲपचा डेटा पुसणे. बँकेचे ॲप आपल्या फोनशी आणि सिमशी बांधलेले असते. डेटा पुसला की ती गाठ सुटते, पुन्हा एसएमएसने पडताळणी करावी लागते, आणि नव्याने नोंदणी झाल्यावर पहिल्या 24 तासांत यूपीआय व्यवहारांवर कमी मर्यादा लागू शकते. मी हे एका शनिवारी रात्री केले, रिचार्जमध्ये एसएमएस शिल्लक नव्हते आणि दुसऱ्या दिवशी एका नातेवाइकाला द्यायचे पैसे अडकले. तिसरा, आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे अद्ययावत करणे. फोनमधील ठसा आणि आधारमधील ठसा यांचा परस्पर काहीही संबंध नाही. या कारणासाठी उन्हात रांग लावणारी वयस्कर माणसे पाहून मला वाईट वाटते.

एक प्रसंग मात्र गंभीरपणे घ्यावा. आपण कोणतेही बोट घातले नाही, पुसले नाही, आणि तरीही ॲप नोंदणी मागत असेल, तर सेटिंग्जमधील बोटांची यादी उघडून मोजावी. अनेक फोनमध्ये त्या यादीच्या पानावर बोट टेकवले की जुळणारी नोंद उजळते, त्यामुळे कोणते बोट कोणाचे ते कळते. अनोळखी नोंद सापडली तर ती पुसावी, फोनचा पिन बदलावा, आणि त्यानंतरच ॲपमध्ये नोंदणी करावी. यादी बरोबर असेल, तर अपडेटनंतर ॲपने स्वतःहून पुन्हा पडताळणी मागितलेली असू शकते, तिथे वर सांगितलेला क्रमच लागू होतो. खरी मागणी नेहमी ॲपच्या आत, आपण स्वतः चिन्हावर टिचकी मारून उघडल्यावर येते. बायोमेट्रिक नोंदणीसाठी संदेशातून दुवा आला किंवा कोणी फोनवरून एखादी फाइल बसवायला सांगितली, तर ती मागणी खोटी समजावी. दुवा उघडून त्यात माहिती भरली गेली असेल, तर त्याच वेळी बँकेला कळवून 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.