‘चा-ची-चे’ तपासताना वाक्य शेवटाकडून वाचा

मुद्रितशोधनात नव्याने येणाऱ्यांना मी आधी एवढंच सांगते, की ‘चा’, ‘ची’, ‘चे’ दिसलं की मागच्या शब्दाकडे बघू नका, पुढचं नाम शोधा. ‘मुलीचा डबा’ यात ‘चा’ डब्यामुळे आला आहे, मुलीमुळे नव्हे. दोन शब्दांत हे कुणीही ओळखतं. लांबलचक वाक्यात मात्र ते नाम सहा-सात शब्द पुढे असतं आणि चूक डोळ्यांखालून निसटते. स्पेलचेकरही मदत करत नाही, कारण ‘मजुरीची’ आणि ‘मजुरीचे’ हे दोन्ही शब्द शुद्धच आहेत.

अशा बऱ्याच चुका लेखकाने शेवटच्या हातात नाम बदलल्यामुळे होतात. हे वाक्य घ्या: ‘बैठकीत ऊसतोड महिलांच्या रोजच्या मजुरीची, राहण्याच्या जागेची आणि बाळंतपणाच्या रजेची प्रश्न मांडण्यात आले.’ मुळात इथे ‘समस्या मांडण्यात आली’ असं असणार. लेखकाने नाम आणि क्रियापद बदललं, मागचे ‘ची’ तसेच राहिले.

आता शेवटाकडून या. ‘प्रश्न मांडण्यात आले’ म्हणजे प्रश्न पुल्लिंगी, अनेकवचनी. म्हणून ‘मजुरीचे’, ‘जागेचे’, ‘रजेचे’. ‘महिलांच्या’, ‘रोजच्या’, ‘राहण्याच्या’, ‘बाळंतपणाच्या’ यांना हात लावायचा नाही. त्यांची नामं मजुरी, जागा आणि रजा ही आहेत, आणि ती प्रत्यय लागून सामान्यरूपात आली आहेत. सामान्यरूपाच्या आधी लिंग-वचन काहीही असो, ‘च्या’च येतो. उद्या लेखकाने ‘प्रश्नांवर चर्चा झाली’ असं केलं, तर ते तिन्ही ‘चे’सुद्धा ‘च्या’ होतील. आणि पुढचं वाक्य जरूर बघा: तिथे ‘ती सोडवण्यासाठी’ उरलेलं असतं, ते ‘ते सोडवण्यासाठी’ करावं लागतं.

दुसरी जागा त्याहून फसवी आहे. कादंबरीची भाषा बोलीच्या जवळ न्यायची म्हणून कुणीतरी सगळीकडे ‘चे’चं ‘चं’ करून टाकतं. ‘त्याचे घर’ हे ‘त्याचं घर’ झालं, ठीक. पण ‘तिचे केस’, ‘आजोबांचे डोळे’ यांतला ‘चे’ पुल्लिंगी अनेकवचनाचा आहे, तो बोलीतही ‘चे’च राहतो. ‘तिचं केस’ छापलं गेलं तर वाचक अडखळतो. हा बदल एकेक जागा पाहूनच करा, एका झटक्यात कधीच नको.

काही नामांचं लिंग अर्थाप्रमाणे बदलतं. ‘परीक्षेची वेळ’ बरोबर आणि ‘अभ्यासाचा वेळ’ही बरोबर; इथे एकसारखेपणा आणायला गेलात तर शुद्ध मजकूर बिघडेल. ‘संस्थेच्या अध्यक्ष आल्या’ हेही बदलू नका. अध्यक्ष बाई असतील तर तो ‘च्या’ आदरार्थी स्त्रीलिंगी अनेकवचनाचा आहे, आणि ‘आल्या’ या क्रियापदावरून तो ओळखता येतो.