दोन गेटच्या नोंदी जोडताना

दादरच्या सभागृहात नेट गेलं आणि दोन्ही गेटांवर तिकिटांचं ऑफलाइन स्कॅनिंग झालं, तर नंतर किती पाहुणे आले हे काढताना दोन्ही आकडे नुसते मिळवू नका. दोन्ही याद्या एकाखाली एक चिकटवा, गेट आणि वेळ शेजारच्या रकान्यांत ठेवा. पाहुणा ओळखायचा तो तिकीट कोडवरून. मोबाइल नंबरवरून नको, कारण एकाच नंबरवर अख्ख्या कुटुंबाची तिकिटं असू शकतात.

समजा, 412 आणि 305 मिळून 717 नोंदी झाल्या. कोड A रकान्यात, पहिली ओळ शीर्षकाची असेल तर गूगल शीट्समध्ये:

```
=COUNTUNIQUE(A2:A)
```

उत्तर 698 आलं, तर 19 नोंदी जादा. त्या लगेच पुसू नका. बाहेर जाऊन दुसऱ्या गेटने परतलेला पाहुणा एकच. पण तिकिटाचा स्क्रीनशॉट मित्राला पाठवला असेल, तर आत माणसं दोन असतात. वेळा ताडण्याआधी दोन्ही गेटांवरच्या स्कॅनिंगच्या फोनच्या घड्याळांत फरक आहे का, ते पाहा.