मगावर उठावाची देवनागरी अक्षरे कशी गुंडाळावीत

आमच्या बेळगाव भागात एकाच मगावर एका बाजूला कन्नड आणि दुसऱ्या बाजूला मराठी मजकूर मागणारे ग्राहक नेहमी येतात. सॉलिडवर्क्समध्ये स्केच वक्र भिंतीवर गुंडाळणारे `Wrap` वापरताना माझा कन्नड मजकूर सहज उठत असे आणि मराठी मजकूर मात्र दरवेळी अडत असे.

मग ८० मिमी व्यासाचा आहे असे धरू. त्याच्या बाहेरच्या भिंतीला स्पर्श करणारे प्रतल घ्यावे आणि स्केच त्यावरच काढावे. स्केच समोरून सरळ भिंतीवर पाडण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो मुळीच मानू नये. तसे केल्यास कडेची अक्षरे ताणली जातात, आणि १०० मिमी लांबीची ओळ ८० मिमी रुंदीच्या मगावर मावणारच नाही. गुंडाळताना मात्र स्केचमधली लांबी भिंतीवरच्या कंसाची लांबी होते. मगाचा परीघ सुमारे २५१ मिमी असल्याने १०० मिमीची ओळ १४३ अंश व्यापते, आणि कानासाठी पुरेशी जागा उरते.

आता खरी अडचण. ‘बेळगावचा कुंदा’ असे स्केचमध्ये टंकित करून ‘ळ’ आणि ‘ग’ यांच्यामधली शिरोरेघ मोठी करून पाहावी. रेघ वरवर अखंड दिसते, पण प्रत्यक्षात प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येते आणि हे तुकडे सांध्यावर एकमेकांवर चढलेले असतात. `Wrap` ला बंद आणि एकमेकांना न छेदणाऱ्या बाह्यरेषा लागतात, म्हणून ते तिथेच थांबते. कन्नड अक्षरे बहुतांशी सुटी असल्याने त्यांना हा त्रास होत नाही. मी फॉन्ट बदलले, अक्षरांमधले अंतर वाढवले. त्याने शिरोरेघ तुटली आणि मराठी वाचकाला ती तुटकी रेघ लगेच खटकली. अंतर वाढवण्याचा उपाय कोणीही करू नये.

मजकूर इंकस्केपमध्ये लिहावा, `Path > Object to Path` करावे, गट सोडवावा आणि मगच `Path > Union` वापरावे. सांध्यांवरच्या आडव्या-उभ्या रेषा नाहीशा होऊन प्रत्येक शब्दाची शिरोरेघ एकसंध झाली की डीएक्सएफ फाइल जतन करून, एकक मिलिमीटर ठेवून, ती त्या प्रतलावर आणावी. ओळीची लांबी १०० मिमी आहे ना, हे मोजावे आणि ओळीचा मध्य स्पर्शरेषेवर ठेवावा, नाहीतर मजकूर कानाकडे सरकतो. `Check Sketch for Feature` चालवून उघड्या किंवा छेदणाऱ्या रेषा उरल्या नाहीत याची खात्री करावी.

पुढे `Insert > Features > Wrap`, प्रकार `Emboss`, जाडी १ मिमी. अनुस्वाराचा ठिपका बारीक असल्यास थ्रीडी छपाईत तो गळतो, म्हणून तो किमान १ मिमी रुंद ठेवावा.

मग खाली निमुळता असेल तर सरळ ओळ गुंडाळल्यावर वाकडी होते. तिथे स्केचमधली ओळच कंसावर मांडावी लागते.