दोन मसुदे, एक पार्किंग नियमावली

सोसायटीच्या पार्किंग नियमांचे दोन मसुदे आले, एक सेक्रेटरींचा, एक खजिनदारांचा. वर्डमध्ये Review > Compare > Combine केलं, तर पान लालभडक! दोघांनी स्वतंत्रपणे लिहिलेलं असलं की हे चालत नाही. एकाच मूळ मजकुरात केलेल्या बदलांसाठी ते ठीक आहे.

मग दोन रकान्यांचा तक्ता करून एकाच मुद्द्याची वाक्यं समोरासमोर ठेवली. ‘पाहुण्यांनी सहकार्य करावे’ गेलं. ‘पाहुण्यांची गाडी रात्री अकरानंतर गेटजवळच्या जागेतच लावावी’ राहिलं. शैली नाही, अंमलबजावणी पाहिली. दंड मात्र एकात ₹२००, दुसऱ्यात ₹५०० होता. तो निर्णय समितीकडे पाठवला.

शेवटी एकत्र केलेल्या मसुद्यात ‘वरील मुदतीत’सारखे मागच्या वाक्याकडे बोट दाखवणारे शब्द शोधले. ते राहिले होते, पण मुदत सांगणारं वाक्यच गळालं होतं.